ताप : शरीराचा उपाय आणि त्याची मर्यादा
(प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



मराठीत ‘हिवताप’ असा एक शब्द आहे. हीव म्हणजे थंडी आणि ताप म्हणजे उष्णता. ह्या दोन परस्परविरोधी गोष्टी एका शब्दात एकत्र आल्या आहेत. ज्याने हा शब्द प्रथम योजला त्याचे निरीक्षण फार सूक्ष्म असले पाहिजे. कारण ताप म्हणजे काय, ह्या प्रश्नाचे अर्धे उत्तर ह्या शब्दातच आहे. ज्याचे अंग तापू लागले आहे तोच थंडीने कुडकुडतो, घोंगडी मागतो, चुलीजवळ जाऊन बसतो. असे का व्हावे, हे ज्याला कळले त्याला ताप कळला.

गडचिरोली जिल्हा 1982 साली चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. महाराष्ट्रातील हिवतापाच्या रुग्णांत ह्या जिल्ह्याचा वाटा आजही फार मोठा आहे. भामरागड, एटापल्ली, धानोरा, कोरची ह्या जंगलपट्ट्यांतील शाळांत पावसाळा सुरू झाल्यापासून दिवाळी उलटून जाईपर्यंत वर्गातील एखादे मूल तापाने निजलेले नाही असा आठवडा विरळाच. तेव्हा तापाचा विचार करावयाचा तर तो ह्या भागात हिवतापाच्या आधारे करणे सर्वांत सयुक्तिक होय.

थंडी आधी का वाजते?

मनुष्याच्या मेंदूच्या तळाशी अधश्चेतक नावाचा एक लहानसा भाग आहे. शरीराची उष्णता किती असावी हे तो ठरवितो आणि ती तेवढीच राहील ह्याची काळजी घेतो. निरोगी स्थितीत हे ठरलेले मान सुमारे 37 अंश सेल्सियस, म्हणजे 98.6 अंश फॅरनहाइट असते. शरीर त्याहून थंड झाले की कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि उष्णता आतच राखली जाते. तेवढ्याने भागले नाही तर स्नायू थरथरू लागतात व त्या श्रमातून उष्णता उत्पन्न होते. शरीर अधिक तापले की ह्याच्या उलट घडते. रक्तवाहिन्या रुंदावतात, कातडी लाल होते आणि घाम सुटतो.

आता शरीरात रोगजंतू शिरले असे समजू. रक्तातील पांढऱ्या पेशी त्यांना ओळखतात आणि काही संदेशद्रव्ये रक्तात सोडतात. ही द्रव्ये मेंदूपर्यंत पोहोचली की तेथे प्रोस्टाग्लँडिन नावाचे एक द्रव्य तयार होते आणि त्याच्या प्रभावाने अधश्चेतकातील ठरलेले मानच वर सरकते. ते 37 अंशांवरून 40 अंशांवर गेले असे धरू. शरीर मात्र त्या क्षणी 37 अंशांवरच आहे. अधश्चेतकाच्या दृष्टीने ते तीन अंशांनी थंड पडले आहे. म्हणून तो थंडीतले सर्व उपाय सुरू करतो. हातपाय गार पडतात, अंगावर काटा येतो, दातावर दात आपटू लागतात, आणि पांघरूण घ्यावे अशी इच्छा होते. हुडहुडी ही ह्या परीने ताप चढविण्याची क्रियाच आहे. अंग 40 अंशांवर पोहोचले म्हणजे थंडी थांबते. पुढे जंतूंचा जोर ओसरला, किंवा औषध पोटात गेले, की ठरलेले मान पुन्हा 37 अंशांवर येते. आता त्याच शरीराला आपण फार तापलो आहोत असे वाटते आणि दरदरून घाम सुटतो. पॅरासिटामॉलची गोळी प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ देत नाही, म्हणून तिने ताप उतरतो. रोगजंतूंवर मात्र तिचा काहीही परिणाम होत नाही. एवढी गोष्ट ध्यानात ठेविली तर पुढचे पुष्कळसे आपोआप उलगडते.

एका मुलाचे तीन दिवस

एटापल्ली तालुक्यातील एखाद्या शाळेत चौथीत शिकणारा नऊ वर्षांचा मुलगा कल्पनेने डोळ्यांसमोर आणावा. सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास तो अंग चोरून बसतो आणि थोड्याच वेळात थरथर कापू लागतो. हात लावून पाहिले तर त्याचे तळहात गार लागतात; पण काखेत तापमापक ठेविला तर पारा किंवा अंक 38 अंशांच्या पुढे गेलेला दिसतो. हातांच्या स्पर्शावरून ताप ओळखणारा येथे हमखास फसतो, कारण रक्त कातडीपासून आत ओढले गेलेले असते. सुमारे तासाभराने थंडी थांबते. मग चेहरा लाल होतो, डोके दुखते, तहान लागते आणि ताप 40 अंशांवर, म्हणजे 104 अंश फॅरनहाइटवर जातो. तीनचार तासांनी घाम सुटून कपडे भिजतात आणि मूल थकून झोपी जाते. मंगळवारी ते हसतखेळत शाळेत येते. बुधवारी त्याच सुमारास पुन्हा थंडी वाजते.

हे वेळापत्रक कोठून आले? हिवतापाचा परजीवी, ज्याला प्लाझ्मोडियम म्हणतात, तो रक्तातील तांबड्या पेशीत शिरून वाढतो. त्याच्या व्हायव्हॅक्स जातीला एका पेशीत पूर्ण वाढून विभागण्यास 48 तास लागतात. मग अशा हजारो पेशी जवळजवळ एकाच वेळी फुटतात, नवे परजीवी आणि त्यांनी मागे टाकलेला कचरा रक्तात येतो, आणि त्यावर पांढऱ्या पेशींनी सोडलेली संदेशद्रव्ये मेंदूकडे जातात. इटालियन शास्त्रज्ञ कामिल्लो गोल्जी ह्यांनी 1886 च्या सुमारास रुग्णांचे रक्त तासातासाने तपासून दाखविले की, थंडी वाजण्याची वेळ आणि परजीवी फुटण्याची वेळ एकच असते. पहिला दिवस धरून तिसऱ्या दिवशी येणारा म्हणून ज्याला आयुर्वेदात तृतीयक ज्वर म्हटले आहे त्याचा अर्थ ह्या 48 तासांत सापडतो.

ह्यावरून शिक्षकाच्या कामाची एक गोष्ट निघते. असा मुलगा सोमवारी गैरहजर, मंगळवारी हजर, बुधवारी गैरहजर असा हजेरीपटावर दिसतो. पालक म्हणतात, काल तर बरा होता. मंगळवारचे ते बरे वाटणे म्हणजे रोग जाणे नव्हे; त्या दिवशी परजीवी पेशींच्या आत बसून वाढत असतात. दिवसाआड पडणाऱ्या अशा खाडा-हजेरीकडे शिक्षकाचे लक्ष गेले, तर घरच्यांना न कळलेली गोष्ट त्याच्या ध्यानी येऊ शकते. तथापि ही खूण नेहमी मिळतेच असे नाही. फॅल्सिपेरम जातीच्या हिवतापात, आणि तोच अधिक घातक असतो, परजीवी पुष्कळदा एका वेळी फुटत नाहीत. त्यामुळे ताप रोज येतो, किंवा चढउतार होत सतत राहतो. पाळी दिसली तर हिवतापाची शंका घ्यावी. पाळी दिसली नाही म्हणून शंका सोडू नये.

तापाचा उपयोग

एवढा त्रास देणारी ही क्रिया शरीराने का जपली असावी? ताप हा रोगाचा उपद्रव की शरीराचा उपाय, हा वाद जुना आहे. त्यावर एक सुंदर प्रयोग अमेरिकेत मॅथ्यू क्लूगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला व तो 1975 साली प्रसिद्ध झाला. त्यांनी वाळवंटातील एका जातीचे सरडे घेतले. सरड्याला आपल्यासारखे आतून अंग तापविता येत नाही. तो उन्हात जाऊन तापतो आणि सावलीत जाऊन निवतो. जंतू टोचलेले सरडे आपण होऊन अधिक उष्ण जागी जाऊन बसतात, असे पूर्वी दिसून आले होते. म्हणून जंतू टोचलेल्या सरड्यांचे गट करून प्रत्येक गट निरनिराळ्या उष्णतेच्या पेटीत ठेवण्यात आला. जे 40 ते 42 अंशांत होते त्यांतील बहुतेक जगले. ज्यांना 34 ते 36 अंशांतच राहणे भाग पडले त्यांतील बहुतेक मेले. पुढच्या वर्षी ताप उतरविणारे औषध दिलेल्या सरड्यांवर प्रयोग झाला. औषध देऊनही ज्यांचे अंग तापले ते जगले आणि ज्यांचे तापले नाही ते दगावले.

उष्णतेने नेमके काय साधते, हेही आता पुष्कळसे कळले आहे. 38-39 अंशांवर पांढऱ्या पेशी अधिक चपळ होतात आणि लसिकाग्रंथींकडे त्यांची ये-जा वाढते. काही जंतूंची वाढ त्या उष्णतेत मंदावते. शिवाय तापाच्या काळात शरीर रक्तातील लोह आत साठवून ठेविते. जंतूंना वाढण्यास लोह लागते, आणि त्यांची ही रसद तोडली जाते.

हिवतापाच्या परजीवीसंबंधी तर ह्याहून नेमका पुरावा आहे. डॉमिनिक क्विआटकोवस्की ह्यांनी 1989 साली प्रयोगशाळेत फॅल्सिपेरम परजीवी 40 अंश उष्णतेत ठेवून पाहिले. त्यांना आढळले की, 48 तासांच्या आयुष्यक्रमातील दुसऱ्या अर्धात असलेले, म्हणजे मोठे झालेले परजीवी ह्या उष्णतेत टिकत नाहीत. पहिल्या अर्धातील कोवळे परजीवी मात्र ती सोसतात. ह्याचा अर्थ असा की ताप परजीवींची संख्या बेसुमार वाढू देत नाही. मोठे परजीवी मेल्यामुळे उरलेले सारे साधारण एकाच वयाचे राहतात, आणि तापाच्या पाळ्या बांधल्या जाण्यास तेही एक कारण होते. 1997 साली आफ्रिकेतील गॅबन देशात हिवतापाची मुले घेऊन एक तुलना केली गेली. सर्वांना क्विनीन दिले गेले. त्यांतील काहींना जोडीला पॅरासिटामॉल दिले गेले. ज्यांना पॅरासिटामॉल मिळाले त्यांच्या रक्तातून परजीवी नाहीसे होण्यास सरासरीने 75 तास लागले. इतरांना 59 तास लागले. हा प्रयोग सुमारे 50 मुलांवरचा होता व तेवढ्यावरून मोठा नियम बांधता येणार नाही. परंतु ताप काही काम करीत असतो, ह्या समजुतीशी तो जुळतो.

उपाय कोठे तोकडा पडतो

येथवर ऐकून कोणी म्हणेल, मग ताप येऊ द्यावा, शरीर आपले पाहून घेईल. साध्या पडशाच्या बाबतीत हे बव्हंशी खरे आहे. 38 अंशांचा ताप आहे, मूल पाणी पिते, बोलते, थोडेफार खेळते, तर तो आकडा खाली आणण्याची घाई करण्याचे कारण नाही. परंतु हिवतापाच्या प्रदेशात हा विचार येथेच थांबविला तर तो प्राणघातक ठरेल, आणि त्याचे कारण वर सांगितलेल्या प्रयोगातच आहे. उष्णतेने मोठे परजीवी मरतात, कोवळे उरतात. शत्रूची संख्या घटते, तो संपत नाही. त्यात फॅल्सिपेरमची एक विशेष खोड आहे. त्याने ग्रासलेल्या तांबड्या पेशी चिकट होतात आणि मेंदू, मूत्रपिंड ह्यांसारख्या अवयवांतील केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसतात. मेंदूतील रक्तप्रवाह असा अडला की मूल गुंगीत जाते, त्याला झटके येतात, आणि एकदोन दिवसांतही ते दगावू शकते. ताप कितीही चढला तरी हा अडथळा दूर करणे त्याला साधत नाही.

शिवाय ताप फुकट मिळत नाही. उष्णता एक अंश सेल्सियसने वाढली की शरीराचा खर्च सुमारे दहा-बारा टक्क्यांनी वाढतो. धडधाकट मुलाला हा खर्च काही दिवस झेपतो; आधीच अशक्त आणि रक्त कमी असलेल्या मुलाला तो झेपत नाही. फार कुपोषित मुलात आणि नवजात बालकात तर शरीराला ताप चढविण्याची ताकदच पुष्कळदा नसते. तेथे गंभीर संसर्ग होऊनही अंग उलट गार लागते, आणि ते गार लागणे हेच मोठे धोक्याचे चिन्ह होय. ज्यांना वर्षानुवर्षे हिवताप होत आला आहे अशा मोठ्या माणसांच्या रक्तातही परजीवी तापावाचून राहू शकतात. तेव्हा तापाचा आकडा म्हणजे रोगाचे माप नव्हे.

म्हणून व्यवहारातील नियम असा निघतो : ताप उतरविण्याची घाई नको, त्याचे कारण शोधण्याची घाई मात्र हवी. जंगलपट्ट्यातील मुलाला ताप आला की त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवसाच्या आत, रक्ताची तपासणी व्हावी. गावातील आशा कार्यकर्तीजवळ तपासणीची पट्टी असते. बोटाच्या टोकातून एक थेंब रक्त घेऊन पंधरावीस मिनिटांत फॅल्सिपेरम की व्हायव्हॅक्स हे कळते. तपासणीला व औषधाला पैसा पडत नाही. औषध कोणते व किती हे आरोग्य कर्मचारी मुलाचे वय पाहून ठरवितो. शिक्षकाने पाहावयाचे ते एवढेच की ते सांगितलेल्या शेवटच्या दिवसापर्यंत घेतले जाते. बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ताप निघतो आणि गोळ्या कोनाड्यात पडून राहतात. व्हायव्हॅक्सचे काही परजीवी यकृतात दडून बसतात. त्यांच्यासाठीचा प्राइमाक्विनचा क्रम सामान्यतः चौदा दिवसांचा असतो. तो अर्धवट सुटला तर कित्येक आठवड्यांनी वा महिन्यांनी, नवा डास चावलेला नसतानाही, तेच दुखणे परत येते.

काही चिन्हे दिसली तर तपासणीचीही वाट न पाहता मुलाला प्राथमिक आरोग्य केंद्रात वा रुग्णालयात हलवावे. मूल गुंगीत आहे, हाक मारून नीट उत्तर देत नाही, पाणी पोटात ठरत नाही, श्वास जोराने चालला आहे, डोळ्यांच्या आतील भाग पांढराफटक दिसतो, लघवी काळसर होते किंवा फार कमी होते, झटका येतो. ह्यांतील झटक्याविषयी एक गोष्ट विशेष सांगण्याजोगी आहे. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना नुसत्या तापानेही झटका येऊ शकतो व तो बहुधा निरुपद्रवी असतो. परंतु शाळेतले मूल त्या वयापलीकडचे असते. त्याला तापात झटका आला तर ‘ताप डोक्यात गेला’ एवढे म्हणून न थांबता हिवताप मेंदूत पोहोचला असेल असेच धरून चालावे.

ताप उतरविणारे औषध मुळीच देऊ नये असा ह्याचा अर्थ नाही. मूल डोकेदुखीने तळमळत असेल, पाणी पीत नसेल, तर आरोग्य कर्मचाऱ्याच्या सल्ल्याने वजनाच्या मानाने पॅरासिटामॉल द्यावे. त्याने आराम पडतो आणि मूल खाऊपिऊ लागते. अ‍ॅस्पिरिन मात्र मुलांना देऊ नये. त्याने यकृत व मेंदू ह्यांना क्वचित पण भयंकर इजा होते. थंडी वाजत असताना हलके पांघरूण द्यावे, ताप पुरता चढल्यावर ते काढावे. बर्फाच्या किंवा फार गार पाण्याच्या घड्यांनी काही साधत नाही; ठरलेले मान वर असेपर्यंत शरीर पुन्हा थरथरून गेलेली उष्णता भरून काढते आणि मुलाची शक्ती तेवढी खर्ची पडते.

जो ताप नव्हे

ह्या नियमाला एक मोठा अपवाद आहे आणि चंद्रपूरच्या उन्हाळ्यात तो विसरून चालणार नाही. एप्रिल-मे महिन्यांत येथे उष्णता 45 अंशांच्या वर जाते. त्याच दिवसांत मुले आईबापांबरोबर तेंदूपत्ता तोडण्यास रानात जातात. उन्हात राबून एखादे मूल भ्रमल्यासारखे बोलू लागले आणि त्याचे अंग 40 अंशांवर गेले, तर तो ताप नव्हे. तो उष्माघात होय. येथे मेंदूतील ठरलेले मान 37 अंशांवरच असते. शरीर ते राखण्याची धडपड करून हरलेले असते. त्यामुळे हुडहुडी आधी येत नाही, उष्णतेला वरची सीमा राहत नाही, आणि पॅरासिटामॉलचा काही उपयोग होत नाही, कारण उतरविण्यासाठी वर चढलेले मानच नसते. खऱ्या तापात शरीर आपल्या हाताने उष्णता वाढविते आणि ती सहसा 41 अंशांपलीकडे जाऊ देत नाही. उष्माघातात तो लगाम सुटलेला असतो. म्हणून तापात जे व्यर्थ तेच येथे जीव वाचविणारे ठरते. मुलाला सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगभर पाणी ओतावे, सतत वारा घालावा, आणि हे करीत असतानाच वाहनाची व्यवस्था करावी. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये.

दोहोंत संशय पडला तर आधी अंग थंड करावे आणि दवाखान्यात पोहोचताच रक्तही तपासून घ्यावे. उन्हात गेलेल्या मुलाला हिवताप होत नाही असे थोडेच आहे? शाळेच्या औषधपेटीत एक चालू स्थितीतील तापमापक असावा, आणि ज्या मुलाचे अंग तापले त्याचा आकडा, वार व वेळ हजेरीपटाच्या कडेला लिहून ठेवावी. मूल दवाखान्यात पोहोचेल तेव्हा शिक्षकाच्या हातची ती एक ओळ डॉक्टरला पुष्कळ काही सांगून जाईल.